पर युनिटचा मागोवा

१८९१ साली लाउफेनच्या जलविद्युत केंद्रातून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात वीज आली, तेव्हा ती १७५ किलोमीटरचा प्रवास करून आली होती. जनित्रातला दाब शंभर व्होल्टच्या आत होता. ट्रान्सफॉर्मरने तो १५,००० व्होल्टच्या घरात नेला आणि फ्रँकफुर्टला पुन्हा खाली उतरवला. बुडापेस्टमध्ये झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी बंदिस्त गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घडवून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. या एका वाटेवर तारेचे ओहम एका दाबाचे आणि जनित्राचे ओहम दुसऱ्याच दाबाचे होते. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूचा ओहम दुसऱ्या बाजूने पाहिला की फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने मोठा किंवा लहान होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे ओहम नुसते बेरजेला मांडता येत नाहीत. आज आपण शॉर्ट सर्किटच्या अभ्यासात सगळ्या इम्पीडन्स एका सामाईक बेसवर आणतो, त्या पद्धतीचे मूळ या अडचणीत आहे.

गणिताची भाषा लवकरच मिळाली. १८९३ साली शिकागोच्या परिषदेत स्टाइनमेट्झने प्रत्यावर्ती प्रवाहाच्या हिशेबासाठी संमिश्र संख्या पुढे आणल्या आणि इम्पीडन्स एका अंकात मावू लागली. पण सामाईक बेसच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात रुजली. तिथे यंत्राची एक बाजू शॉर्ट करायची, दुसऱ्या बाजूने दाब हळूहळू वाढवायचा आणि पूर्ण भाराचा प्रवाह वाहू लागला की व्होल्टमीटर वाचायचा. १० एमव्हीए, ३३/११ केव्हीचा एक ट्रान्सफॉर्मर घेऊ, ज्याच्या नेमप्लेटवर इम्पीडन्स ८.३५ टक्के लिहिलेली आहे. ही चाचणी ३३ केव्हीच्या बाजूने केली तर काटा सुमारे २,७५५ व्होल्टवर थांबेल आणि ११ केव्हीच्या बाजूने केली तर ९१८ व्होल्टवर. व्होल्ट वेगळे आले, तरी आपापल्या पूर्ण दाबाशी त्यांचे प्रमाण दोन्हीकडे ८.३५ टक्केच राहते. एकच अंक दोन्ही बाजूंना खरा ठरतो, हा पर युनिटचा बीजांश. कारखान्याला त्यातून फक्त यंत्राची जात ओळखायची होती. जाळ्याच्या हिशेबाचा विचार तेव्हा त्यामागे नव्हता.

ती गरज पहिल्या महायुद्धाच्या काळात तीव्र झाली. शहरांतली जनित्रे एकमेकांना जोडली गेली, फॉल्टचा प्रवाह वाढत गेला आणि ब्रेकर तो तोडू शकेल का, हे आधी कळणे भाग झाले. जाळे मोठे झाल्यावर कागदावरची आकडेमोड आवरेना, म्हणून अभियंत्यांनी टेबलावर जाळ्याची प्रतिकृती मांडली. रिअ‍ॅक्टन्सच्या जागी रोधक आणि जनित्राच्या जागी एकदिश प्रवाहाचा स्रोत घेतला. या टेबलाकडे नीट पाहिले तर आपल्या विषयाचा सांधा सापडतो. एकदिश प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर चालतच नाही. प्रतिकृतीत तो ठेवायचा, तर फक्त एका रोधकाच्या रूपात. त्यासाठी सगळ्या दाबांच्या इम्पीडन्स आधीच एका बेसवर उतरवलेल्या असाव्या लागत. माझ्या मते सामाईक बेस ही सवय पुस्तकापेक्षा या टेबलाने अधिक लावली. १९२९ मध्ये एमआयटीत प्रत्यावर्ती प्रवाहाचा नेटवर्क अ‍ॅनालायझर उभा राहिला. तोवर फोर्टेस्क्यूच्या १९१८ च्या निबंधाने असमतोल फॉल्टचेही तीन समतोल जाळ्यांत विभाजन करून दिले होते, म्हणजे उतरवायच्या इम्पीडन्स तिप्पट झाल्या होत्या.

टक्केवारीची एक अडचण मात्र राहिली होती. दोन टक्केवारींचा गुणाकार केला की शंभराने भागण्याची आठवण ठेवावी लागते, आणि दाब, प्रवाह, इम्पीडन्स यांचे गुणाकार तर पावलोपावली येतात. ८.३५ ऐवजी ०.०८३५ लिहिले की ही कटकट संपते. वॅग्नर आणि इव्हान्स यांचा १९३३ चा ग्रंथ, एडिथ क्लार्क यांचा १९४३ चा आणि स्टीव्हन्सन यांचे १९५५ चे पाठ्यपुस्तक या टप्प्यांवरून आपण चालत आलो, की पर युनिट अभियांत्रिकीच्या वर्गात स्थिरावलेले दिसते.

आता तोच ट्रान्सफॉर्मर एका साध्या जाळ्यात बसवून पाहू. ३३ केव्ही बसवर फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए आहे. खाली आपला १० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, मग ११ केव्हीची ०.३६३ ओहम रिअ‍ॅक्टन्सची वाहिनी आणि शेवटी १ एमव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्टचा, ५ टक्क्यांचा वितरण ट्रान्सफॉर्मर. बेस १०० एमव्हीए धरू. बेस दाब ३३ केव्हीपासून सुरू करून ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तरानेच खाली न्यायचा, म्हणजे ३३, ११ आणि ०.४३३ केव्ही. स्रोताचे १०० भागिले ५००, म्हणजे ०.२ होतात. पहिल्या ट्रान्सफॉर्मरचा अंक स्वतःच्या १० एमव्हीएवरचा आहे, म्हणून दहाने गुणून ०.८३५. वाहिनीसाठी ११ केव्हीचा बेस ओहम, म्हणजे ११ चा वर्ग भागिले १००, १.२१ येतो, आणि त्याने भागून ०.३. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचे ०.०५ शंभर पटीने ५ होतात. बेरीज ६.३३५ आणि फॉल्ट १५.८ एमव्हीएचा. ४३३ व्होल्टवर बेस प्रवाह १३३.३ किलोअँपियर आहे, तेव्हा फॉल्टचा प्रवाह २१ किलोअँपियर. फक्त रिअ‍ॅक्टन्स घेतल्यामुळे हे उत्तर थोडे चढे येते. वाहिनीचा रोध धरला तर ते उतरेल.

शंका आली तर पहिला ट्रान्सफॉर्मर ओहमात तपासावा. ३३ केव्हीच्या बाजूने तो ९.०९ ओहमचा आहे आणि तिथला बेस १०.८९ ओहम. ११ केव्हीच्या बाजूने १.०१ ओहमचा आणि बेस १.२१ ओहम. दोन्हीकडे भागाकार ०.८३५ येतो, कारण ओहम आणि बेस ओहम दोन्ही नऊ पटींनी बदलले. बेस दाब गुणोत्तराने नेला म्हणूनच हे जुळते. घाईतला नेहमीचा दोष म्हणजे एमव्हीएचे गुणोत्तर उलटे लावणे. तो चटकन ओळखता येतो, कारण सामाईक बेसवर लहान ट्रान्सफॉर्मरचा अंक मोठाच यायला हवा.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. पॅनेलवर ४१५ व्होल्ट लिहिलेले असते म्हणून तोच बेस धरला जातो, तर नेमप्लेटवर ४३३ असतात. पर युनिटचे अंक तसेच ठेवून फक्त शेवटचा प्रवाह ४१५ वर काढला, की उत्तर सुमारे चार टक्क्यांनी वाढून २२ किलोअँपियरच्या जवळ जाते. त्या बाजूच्या केबलचे ओहम भागायला घेतले, तर दाबाच्या वर्गामुळे चूक जवळजवळ नऊ टक्क्यांची होते. नेमप्लेटचा दाब आणि निवडलेला बेस दाब खरोखरच वेगळे असतील, तर अंकाला जुन्या दाबाच्या वर्गाने गुणून नव्या दाबाच्या वर्गाने भागायचे. समांतर ट्रान्सफॉर्मरचे टॅप वेगवेगळे असले, तर एकच बेस दोघांना बसत नाही. मग त्यातल्या एकाचे गुणोत्तर पर युनिटमध्येही आकृतीत उघडे दाखवावे लागते. स्टार-डेल्टा जोडणीतले ३० अंशांचे वळणही या अंकात मावत नाही. समतोल तीन फेज फॉल्टच्या प्रवाहाच्या मूल्याला त्याने फरक पडत नाही, पण असमतोल फॉल्टमध्ये दुसऱ्या बाजूचे फेज प्रवाह काढताना ते वळण पुन्हा लावायलाच हवे.

१९५० च्या दशकात संगणक आले आणि ते टेबल संग्रहालयात गेले, तरी बेस निवडण्याचे काम माणसाकडेच राहिले. आयईसी ६०९०९ ची वाट ओहमातूनही जाते. तिथे गुणोत्तराचा तोच वर्ग उघडपणे लिहितात, शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या इम्पीडन्सला एक दुरुस्तीचा गुणक लावतात. कोणत्याही वाटेने गेलात तरी एक करा. टक्केवारीला हात लावण्याआधी प्रत्येक बसचा बेस दाब नेमप्लेटच्या गुणोत्तराने काढून कागदाच्या डाव्या कडेला लिहा.