पालकाच्या रसातले कॅल्शियम जाते कुठे?

सकाळी रिकाम्या पोटी पालकाचा कच्चा रस घेतला की हाडांना कॅल्शियम मिळते आणि मूत्रपिंडे धुऊन निघतात, हे मत आता बालाघाटातही रुळले आहे. त्याचे समर्थन करणारे दोन आधार देतात. पालकात कॅल्शियम आहे, हा पहिला. वैनगंगेकाठची आपली माणसे पिढ्यान्पिढ्या पालेभाज्या खात आली, हा दुसरा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

आधी कॅल्शियमचे बघू. एका पेल्यासाठी दीडशे ग्रॅम पालक धरला, तर त्यात साधारण दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम येते. पण पालकात त्याहून कितीतरी जास्त ऑक्झॅलेट असते आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. ही जोडी पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून शोषली जात नाही, तशीच शौचावाटे निघून जाते. रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी 1988 साली माणसांवर मोजमाप केले, तेव्हा पालकातले जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शोषले गेले. दुधातले सुमारे सत्तावीस टक्के. म्हणजे रसाच्या पेल्यातून सात-आठ मिलिग्रॅम पदरात पडते, तर कपभर दुधातून साठच्या पुढे.

मूत्रपिंडाचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्या पेल्यात ऑक्झॅलेट हजार मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. गाळताना चोथ्याबरोबर थोडे निघते, पण पाण्यात विरघळणारा भाग रसात उतरतोच, आणि शोषला जातो तो हाच भाग. हजारातले दोन ते पाच टक्के रक्तात गेले, तरी वीस ते पन्नास मिलिग्रॅमची भर पडते. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत ऑक्झॅलेट चाळीस-पंचेचाळीसच्या आत असावे लागते. ही भर ज्या लघवीत पडते ती मे महिन्याच्या उन्हात घामामुळे आधीच आटलेली असेल, तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे धरायला वेळ लागत नाही. बहुतेक मुतखडे याच क्षाराचे असतात.

आता पूर्वजांचे. त्यांनी पालेभाजी खाल्ली, पण कशी? धोप्याची पाने चिंच लावून शिजवली, पालक उकडून ताकात घोटला, आणि हे सगळे भाताबरोबर, जेवणात. कच्ची पाने पिळून पिण्याची रीत नव्हती. भाजी उकळून ते पाणी टाकले तर विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर जातो. उरलेल्याला ताकातले कॅल्शियम आतड्यातच गाठते. ताक-पालकाची ही जोडी मला आपल्या स्वयंपाकातली फार मोलाची गोष्ट वाटते. रसात मात्र तिन्ही आधार एकदम सुटतात: शिजवणे नाही, ताक नाही, सोबत जेवण नाही. शिवाय भाजी म्हणून एका वेळी संपणार नाही इतका पाला दोन घोटांत पोटात जातो.

हे ऐकून काही जण उलट्या टोकाला जातात. खडा कॅल्शियमचा, म्हणून ते दूध-दही बंद करतात. हेही चूकच. आतड्यात कॅल्शियम कमी पडले की ऑक्झॅलेट मोकळे राहते आणि अधिक शोषले जाते. लोरिस बोर्गी यांनी इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांना पाच वर्षे दोन प्रकारच्या आहारांवर ठेवले. 2002 साली निष्कर्ष आला तो असा: नेहमीइतके कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी घेणाऱ्यांना, कॅल्शियम तोडलेल्यांच्या निम्म्यानेच पुन्हा खडे झाले. जेवताना वाटीभर दही किंवा ताक घ्यावे ते यासाठी.

याचा अर्थ पेलाभर रसाने प्रत्येकाला खडा होईल असा नाही. ज्याला कधी खडा झाला नाही, जो भरपूर पाणी पितो, त्याचे बहुधा काही बिघडणार नाही. धोका आहे तो आधी खडा झालेल्यांना, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना. 2018 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 65 वर्षांच्या एका बाईची हकीकत छापली. पूर्वी जठराची बायपास झालेली, नुकतीच बरेच दिवस अँटिबायोटिक्स घेतलेली. शरीरशुद्धीसाठी तिने हिरव्या स्मूदीचा सपाटा लावला आणि तिची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. ऑक्झॅलेट पचवणारे आतड्यातले जंतू अँटिबायोटिक्सने मरतात, हे इथे लक्षात घ्यावे.

खड्याची कळ उठते तेव्हा कळते. ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात साचू लागले तर दुखत नाही, फक्त रक्तातले क्रिएटिनिन चढते. म्हणून जोखमीत बसणाऱ्याने रस थांबवून क्रिएटिनिन तपासावे. पूर्वी खडा झाला असेल तर चोवीस तासांच्या लघवीची तपासणी करावी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी एका कॅनमध्ये जमवायची. त्यातून ऑक्झॅलेट, कॅल्शियम, सायट्रेट आणि लघवीचे एकूण प्रमाण कळते. ते दोन लिटरच्या खाली आले, तर आधी पाणी वाढवायचे.