एकोणतीसमधला ‘ऊन’ आणि चेकवरची अक्षरी रक्कम

‘एकोणतीस’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी ‘तीस’ उरतो, पण लिहायचा आकडा मात्र दोनने सुरू होतो. ‘एकवीस’मध्ये आधी एक ऐकू येतो आणि कागदावर तो नंतर येतो. म्हणजे मराठीत दोन अंकी संख्या ऐकून लिहिताना दोन वेगळ्या गोष्टी कराव्या लागतात: क्रम उलटा करायचा, आणि एकोण असेल तर वजाबाकीही करायची. आपण हे लहानपणापासून करतो म्हणून जाणवत नाही. माझ्या कामात बोललेल्या मराठीचा मजकूर अंकांत बदलावा लागतो, आणि संगणकाला हे शिकवायला बसलं की जाणवतं. त्यासाठी या शब्दांचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा. तो नुसता रंजक नाही, नियम कुठे चालेल आणि कुठे पाठांतरच करावं लागेल हे त्यावरून ठरतं.

आधी एकोण. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी. एक + ऊन + विंशति, म्हणजे एकाने कमी वीस. यापेक्षाही जुनं रूप तैत्तिरीय संहितेत सापडतं: ‘एकान्नविंशति’. त्याची फोड ‘एकात् न विंशति’ अशी होते, एकामुळे वीस नाही. शेवटचा एक कमी पडला म्हणून वीस झाले नाहीत, अशी ती कल्पना. अशी वजाबाकी फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. लॅटिनमध्ये १९ साठी ‘वीसला एक कमी’ आणि १८ साठी चक्क ‘वीसला दोन कमी’ असे शब्द होते.

पण संस्कृतात १९ साठी ‘नवदश’ हा सरळ बेरजेचा शब्दही होता. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यातली कोणती पुढे टिकली हे दर दशकाला वेगळं ठरलं. १९ पासून ७९ पर्यंत आपल्याकडे ‘ऊन’ जिंकला. ९९ ला मात्र ‘नवनवति’ टिकला आणि त्याचा ‘नव्याण्णव’ झाला. ‘एकोणशंभर’ कोणी म्हणत नाही. ८९ सीमेवर राहिला. शाळेत एकोणनव्वद शिकवतात, बोलताना नव्याऐंशीही ऐकू येतो. यादी बनवणाऱ्याने दोन्ही शब्द ८९ कडे न्यायचे, शुद्ध कोणता यावर वाद घालत बसायचं नाही.

आता एक गंमत बघा. बाकीच्या संख्यांमध्ये दशकाचा शब्द झिजून बदलतो. साठ, पण एकसष्ट. सत्तर, पण एकाहत्तर (सप्ततिमधला ‘स’ शब्दाच्या मध्ये आल्यावर प्राकृतात ‘ह’ झाला). पन्नास, पण एकावन्न आणि त्रेपन्न. एककाचंही तेच. एकट्या ‘तीन’ची रूपं मोजा: तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. एकोणच्या बाबतीत मात्र दशक जवळजवळ अख्खं राहतं: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. एकोणसष्ट नाही, एकोणहत्तर नाही. हिंदीत उनसठ, उनहत्तर झालं. मराठीने इथे मूळ दशक जपलं. म्हणून लोकांना सगळ्यात अवघड वाटणारे हे शब्द यंत्राला सगळ्यात सोपे जातात. अपवाद एकच: एकोणीस, जिथे ‘वीस’मधला ‘व’ गेला.

```python
DASHAK = {"तीस": 30, "चाळीस": 40, "पन्नास": 50,
          "साठ": 60, "सत्तर": 70, "ऐंशी": 80, "नव्वद": 90}

def ekon(shabd):
    if shabd == "एकोणीस":
        return 19
    if shabd.startswith("एकोण"):
        return DASHAK[shabd[len("एकोण"):]] - 1
```

उरलेल्या शब्दांसाठी नियम शोधण्यात वेळ घालवू नका. ० ते ९९ ची सरळ यादी करा आणि त्यात लेखनातले फरक भरा (अठ्ठावीस-अट्ठावीस असं सगळे एकसारखं लिहीत नाहीत, तेहतीस-तेहेतीस, ऐंशी-ऐशी). यादीत नसलेला शब्द आला तर थांबून चूक दाखवणं चांगलं. जवळचा शब्द अंदाजाने उचलणारा प्रोग्रॅम पैशांच्या कामात नको.

एक पूर्ण रक्कम करून पाहू. कोणी म्हणालं: एक लाख एकोणतीस हजार सहाशे एकोणऐंशी. डावीकडून वाचत जायचं आणि हातात एक छोटी संख्या धरायची. ‘एक’ आला, हातात १. ‘लाख’ आला, गुणून १,००,००० बेरजेत टाकले, हात रिकामा. ‘एकोणतीस’, हातात २९. ‘हजार’ आला, २९,००० बेरजेत. ‘सहाशे’ हा जोडलेला शब्द, त्याचा ‘शे’ तोडून सहा गुणिले शंभर, ६००. शेवटी एकोणऐंशीचे ७९. उत्तर १,२९,६७९.

यात चूक झाली तर ती कुठे झाली हे फरकावरून ओळखता येतं. १,३९,६७९ आले तर फरक बरोबर १०,००० चा: ऐकणाऱ्याने ‘तीस’ पकडला, नऊ लिहिला, पण दशकातून एक वजा करायचा राहिला. १,३१,६७९ आले तर फरक २,०००: घाईत ‘ओण’ गिळला गेला आणि एकोणतीसचा एकतीस झाला. एकोणचाळीस-एकेचाळीस, एकोणसाठ-एकसष्ट, सगळीकडे हा फरक दोनचाच येतो. आणि फरकाला नऊने भाग जात असेल, उदाहरणार्थ एकवीस हजारांचे १२,००० झाले आणि ९,००० चा फरक पडला, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. ही शेवटची युक्ती हिशेबनीस फार पूर्वीपासून वापरतात. पहिल्या दोन खुणा मात्र आपल्या संख्याशब्दांच्या रचनेतून येतात.

बोलण्यात याच ‘ऊन’चं दुसरं रूपही भेटतं. पाऊण आणि पावणे हे ‘पाद + ऊन’, पाव कमी. इथे पाव कशाचा हे पाहावं लागतं. पावणेतीनशे म्हणजे तीनशेला पाव कमी नाही, तर पावणेतीन गुणिले शंभर, २७५. पावणेतीन हजार म्हणजे २,७५०. पाऊणशे म्हणजे ७५. म्हणून प्रोग्रॅममध्ये आधी २.७५ हातात धरायचे आणि पुढच्या शे-हजार-लाखाने गुणायचं. सव्वा, दीड, अडीच, साडे यांनाही हाच नियम लागतो. पाढ्यांमधलं जुनं ‘वीसासे’ तेवढं वेगळं ठेवा. पंधरा अठ्ठे वीसासे म्हणजे १२०. तिथे बेरीज आहे, गुणाकार नाही.

आता उलट दिशा. चेकवर रक्कम अंकांत असते आणि अक्षरांतही. दोन्ही जुळली नाहीत तर काय, याचं उत्तर १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे: अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी धरायची. व्यवहारात बँक असा चेक बहुतेक परतच करते, पण कायद्याच्या नजरेत वजन शब्दांना आहे. कारण सरळ आहे. अंकाला एखादी रेघ किंवा शून्य जोडणं सोपं, शब्द बदलणं अवघड. पण याचाच अर्थ असा की २९,००० लिहून शेजारी ‘एकोणचाळीस हजार’ लिहिलं, तर कायद्याने ते ३९,००० होतात. शिवाय सीटीएस पद्धतीत, जिथे चेकची प्रतिमा पुढे जाते, तारखेची दुरुस्ती सोडली तर खाडाखोड चालत नाही. नवा चेक फाडावा लागतो.

अक्षरी रक्कम बनवताना आधी लाखाने भागायचं, मग उरलेल्याला हजाराने, मग शंभराने. १,२९,६७९ मधून १ लाख, २९ हजार, ६ शे, ७९ असे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा त्याच यादीतून शब्दांत जातो. परदेशी पद्धतीने तीन-तीन अंकांचे गट पाडणारा प्रोग्रॅम वापरला तर ‘एकशे एकोणतीस हजार’ असं काहीतरी बाहेर पडतं, त्यावरून गट चुकल्याचं लगेच कळतं. दुसरी खाच शंभरची. पुढे काही नसेल तर ‘शंभर’, असेल तर ‘एकशे’. १,१०० म्हणजे एक हजार शंभर, १,१०१ म्हणजे एक हजार एकशे एक. बोलतात तसं ‘अकराशे’ही बरोबरच आहे, पण चेकवर हजार वेगळे लिहिलेले बरे, अंकांशी पडताळणं सोपं जातं. सुरुवातीचा ‘एक’ कधी गाळू नये. नुसतं ‘लाख’ लिहिलं की त्याच्या आधी ‘नऊ’ घुसवायला जागा राहते. शेवटी ‘फक्त’ आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ, ती याच कारणासाठी.

हे सगळं सोपं करण्याचा प्रयत्न झाला होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असं वाचण्याची पद्धत आली आणि मोठा वाद झाला, तो विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की मुलांना जोडाक्षरी संख्याशब्द आणि उलटा क्रम जड जातो, आणि दाक्षिणात्य भाषांत दशक आधी येतो. क्रमाबद्दलचा हा मुद्दा मला पटतो. नॉर्वेने तर १९५१ मध्ये नेमका हाच बदल सरकारी निर्णयाने केला, आणि तिथे कारण होतं टेलिफोनचे नंबर सांगताना होणारा गोंधळ. तरी जुनी पद्धत तिथल्या बोलण्यातून पूर्ण गेली नाही.

मराठीत एक वेगळी अडचण आहे, जी त्या वादात मला फारशी कुठे दिसली नाही. ‘वीस-एक माणसं होती’ असं आपण म्हणतो तेव्हा माणसं एकवीस नसतात, वीसच्या आसपास असतात. वीसेक, पन्नासेक, शंभरेक, सगळी याच घरातली. म्हणजे फोनवर कोणी ‘वीस एक हजार पाठव’ म्हणालं, तर नवी पद्धत शिकलेला मुलगा २१,००० पाठवेल आणि त्याची आजी वीसच्या आसपास जे जमेल ते.