वरिष्ठांचा शब्द

मुंबई-पुण्यात एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला गेलेल्या डॉक्टरला पुढे कार्डिऑलॉजीची फेलोशिप हवी असेल, तर परीक्षेच्या गुणांइतकीच कन्सल्टंटच्या पत्राची चिंता लागते. आपल्याकडे डीएम-एमसीएचचा प्रवेश नीट-एसएसच्या गुणांवर होतो, म्हणून या पत्राचं वजन इथे चटकन लक्षात येत नाही. तिथे हाताखालच्या माणसाचं कसब आणि वागणूक, दोन्हींविषयी वरिष्ठाने लिहून द्यायचं असतं. यातलं वागणुकीचं कलम पत्रात ठळकपणे यायला बराच काळ गेला.

मुळात पत्राची फारशी गरजच नव्हती. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 मध्ये सुरू झालं आणि विल्यम हॉलस्टेड यांनी तिथे शल्यचिकित्सेच्या रेसिडेन्सीची घडी बसवली. रेसिडेंट रुग्णालयातच राहत. दरवर्षी खालची काही मुलं गळत आणि शेवटी एकच जण मुख्य रेसिडेंट होई. इतकी वर्षं डोळ्यांसमोर वावरलेल्या माणसाविषयी गुरूने दुसऱ्या गावच्या ओळखीच्या प्रमुखाला दोन ओळी कळवल्या तरी पुरत, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखून असत.

पुढे रेसिडेन्सीच्या जागा वाढल्या, अर्ज वाढले, ओळख पातळ झाली. पत्रं मात्र फुलत गेली. 1983 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रिचर्ड फ्रीडमन यांचा ‘फँटसी लँड’ हा लेख आला. जो तो उमेदवार उत्तमच ठरत असेल तर निवड करायची कशाच्या आधारावर, ही त्यांची तक्रार होती. ती रास्त होती. पण अतिशयोक्तीपेक्षा घातक असतं ते पत्रातलं मौन, आणि ते किती महागात पडू शकतं हे लुइझियानातल्या एका प्रकरणाने दाखवलं.

तिथल्या एका रुग्णालयात भूल देणारा एक डॉक्टर डेमेरॉल या वेदनाशामक औषधाच्या आहारी गेला होता. 2001 च्या मार्चमध्ये तो ड्यूटीवर असताना गुंगीत सापडला आणि त्याच्या गटाने त्याला काढून टाकलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याच गटातल्या दोन सहकाऱ्यांनी त्याला शिफारसपत्रं दिली. दोन्हींत त्याच्या वैद्यकीय कौशल्याची भरघोस स्तुती होती, व्यसनाचा मात्र उल्लेखही नव्हता. त्या पत्रांच्या जोरावर तो वॉशिंग्टन राज्यातल्या कॅडलेक रुग्णालयात पोचला. नोव्हेंबर 2002 मध्ये एका नेहमीच्या शस्त्रक्रियेत त्याने भूल दिलेल्या स्त्रीच्या मेंदूला कायमची गंभीर इजा झाली. कॅडलेकने कोर्टात धाव घेतली. 2008 च्या अपिलात न्यायालयाने भेद केला तो असा : जुन्या रुग्णालयाने फक्त नोकरीच्या तारखा कळवल्या होत्या, ते सुटलं, पण पत्रं लिहिणाऱ्यांनी एकदा बोलायचं ठरवल्यावर दिशाभूल करायला नको होती.

त्या पत्रांत कसबाविषयी लिहिलेलं सगळंच खोटं असेल असं नाही. वागणुकीची बाजू कोरी राहिली, घात तिथे झाला.

दरम्यान रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेने 1999 मध्ये सहा क्षमता ठरवल्या होत्या. रुग्णसेवा आणि वैद्यकीय ज्ञान यांच्या बरोबरीने प्रोफेशनॅलिझम हाही स्वतंत्र निकष झाला. 2005 मध्ये मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी त्याला पुरावा जोडला. मेडिकल बोर्डाने शिक्षा केलेल्या 235 डॉक्टरांच्या कॉलेजातल्या नोंदी त्यांनी 469 इतर डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. शिक्षा झालेल्यांच्या बाबतीत विद्यार्थिदशेतच गैरवर्तनाची नोंद असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. विशेषतः टोकाच्या बेजबाबदारपणाचा संबंध ठळक होता. म्हणजे वरिष्ठाच्या नजरेला जे पडतं, ते पत्रात यायलाच हवं.

पण ते लिहायचं कसं? ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारा’ हे कुणालाही लावता येतं. त्याऐवजी असं पत्र कल्पून पाहा : आयसीयूत रात्री सेंट्रल लाइन टाकताना रेसिडेंट सोनोग्राफीवर सुईचं टोक दिसेपर्यंत पुढे सरकत नाही; दोन प्रयत्न फसल्यावर तिसरा न करता सीनियरला बोलावतो; इन्शुलिनच्या डोसमध्ये झालेली स्वतःची चूक सकाळच्या राउंडला कुणी विचारायच्या आत सांगतो आणि नातेवाइकांसमोर बसून ती कबूल करतो. अशा दोन-तीन प्रसंगांत हात कसा आहे हेही कळतं आणि माणूस कसा आहे हेही. ते लिहायला कन्सल्टंट रात्री तिथे हजर तरी असावा लागतो, नाहीतर हजर असणाऱ्यांना त्याने विचारलेलं असावं लागतं.

2017 मध्ये अमेरिकेतल्या मेडिसिन विभागांच्या संघटनेने फेलोशिपसाठी प्रोग्रॅम डायरेक्टरने लिहायच्या पत्राची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. कन्सल्टंटचं स्वतंत्र पत्र मात्र अजूनही बहुतेक मोकळंच असतं. म्हणून जाणकार निवडकर्ता त्यात आधी हे शोधतो, की लिहिणाऱ्याने उमेदवाराला कुठल्या वॉर्डात, किती आठवडे आणि स्वतः पाहिलं की ऐकून लिहिलं.