इमोजीचे दोन तुकडे: ईमेलच्या विषय-ओळीचा एक छोटा इतिहास

पाठवणारा विषयाच्या ओळीत 🎉 हे जल्लोषाचं चिन्ह टाकतो. वाचणाऱ्याला मात्र त्या जागी कधी `ðŸŽ‰` दिसतं, कधी `��` दिसतं, तर कधी `=?UTF-8?B?` ने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ. या तिघांनाही आपण सरसकट ‘कचरा’ म्हणून मोकळे होतो. पण त्यांची कुळं वेगळी आहेत, आणि कोणत्या कुळाचा कचरा आहे हे कळलं की चूक कोणाची हेही कळतं.

सुरुवात १९८२ पासून करू. त्या वर्षी आरएफसी ८२२ या नियमपत्राने ईमेलच्या शीर्षभागाचं रूप ठरवलं. शीर्षभाग म्हणजे कोणाकडून, कोणाला, विषय काय, या ओळी. त्यात फक्त आस्कीची अक्षरं चालत, म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं, अंक आणि विरामचिन्हं धरून एकूण १२८ संकेत. मराठीचं सोडाच, जर्मन किंवा डॅनिश नावंही त्यात नीट लिहिता येत नसत.

दहा वर्षांनी, जून १९९२ मध्ये, कीथ मूर यांनी आरएफसी १३४२ मध्ये यावर तोडगा मांडला. वाटेतले सगळे सर्व्हर बदलणं कोणाच्या हातात नव्हतं. म्हणून त्यांनी वाट तशीच ठेवली आणि प्रवाशाचा वेष बदलला. आस्कीबाहेरचं अक्षर आस्कीच्याच अक्षरांत गुंडाळायचं, आणि ते कसं उलगडायचं हे त्याच पुडक्यावर लिहून ठेवायचं. आपलं चिन्ह या वेषात असं दिसतं:

```
Subject: =?UTF-8?B?8J+OiQ==?=
```

प्रश्नचिन्हांमध्ये तीन गोष्टी आहेत. पहिली अक्षरसंचाचं नाव, इथे यूटीएफ-८. दुसरी गुंडाळण्याची पद्धत: B म्हणजे बेस६४, ज्यात दर तीन बाइटांची चार साधी अक्षरं होतात. (दुसरी पद्धत Q, तिच्यात आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट `=F0` असा लिहितात.) तिसरी प्रत्यक्ष मजकूर. 🎉 चे यूटीएफ-८ मध्ये चार बाइट होतात, F0 9F 8E 89, आणि त्यांचंच रूप `8J+OiQ==`.

बाइटांना स्वतःचा अर्थ नसतो. अर्थ लागतो तो वाचायच्या नियमामुळे. या रचनेत चिन्ह आणि त्याचा नियम एकत्र प्रवास करतात, ही तिची खरी खुबी. पहिल्या दोन जातींचा कचरा हे नातं तुटल्यामुळेच होतो. वाचणाऱ्याच्या प्रोग्रामने पुडकं उघडलंच नाही, तर ती `=?UTF-8?B?` ची माळ जशीच्या तशी दिसते. याउलट पाठवणाऱ्याने नियम न लिहिता उघडे बाइट पाठवले, तर वाचणारा अंदाज बांधतो. विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय संचाने वाचलं, की F0 चा ð होतो, 9F चा Ÿ, 8E चा Ž आणि 89 चा ‰. मराठी मजकुरात `à¤` ची रांग दिसते तीही याच जातीची, कारण देवनागरीतली बहुतेक अक्षरं E0 A4 या दोन बाइटांनी सुरू होतात.

आता तिसरी जात, `��`. इथे थोडं थांबू या, कारण यात नियमही लिहिलेला असतो आणि पुडकंही उघडलेलं असतं. तरी चिन्ह फुटतं. का?

एका पुडक्याची लांबी जास्तीत जास्त ७५ अक्षरं असावी असा नियम आहे. विषय लांब असेल तर अनेक पुडकी करून ओळीखाली ओळ ठेवायची. वाचणारा मधली मोकळी जागा गाळून ती जोडतो. `=?UTF-8?B?` ची दहा आणि `?=` ची दोन अक्षरं वजा केली तर ६३ उरतात. बेस६४ चाराच्या पटीत चालतं, म्हणजे ६० अक्षरं, म्हणजे मूळ मजकुराचे ४५ बाइट. मग प्रोग्राम लिहिणारा साधा हिशेब करतो: दर ४५ बाइटांनी कापा.

आपण एक विषय घेऊन हे करून पाहू: ‘दिवाळी अंक आलाय 🎉 नक्की वाचा’. काने, वेलांट्या, अनुस्वार वेगळे मोजायचे. देवनागरीतला असा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा. ‘दिवाळी’ मध्ये सहा, ‘अंक’ मध्ये तीन, ‘आलाय’ मध्ये चार, एकूण १३ संकेत, ३९ बाइट. तीन मोकळ्या जागांचे तीन. झाले ४२. चिन्हाला चार बाइट हवेत आणि पुडक्यात उरलेत तीन. कात्री चालते ती अशी:

```
... F0 9F 8E
89 20 E0 ...
```

पहिल्या पुडक्याच्या शेवटी पाऊण चिन्ह, दुसऱ्याच्या सुरुवातीला पाव. काटेकोर प्रोग्राम प्रत्येक पुडकं स्वतंत्र उलगडतो, दोन्हीकडे अपुरा ऐवज सापडतो, आणि प्रत्येक जागी तो � ठेवतो.

गंमत अशी की इंग्रजी विषयावर ही चूक कधीच दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. मधे जागा नसलेली निव्वळ देवनागरी असती तरी ४५ बाइटांत बरोबर १५ संकेत बसले असते. एखादी मोकळी जागा किंवा चार बाइटांचा इमोजी आला, की हिशेब सरकतो.

नियमपत्र याबद्दल गप्प होतं का? नाही. नोव्हेंबर १९९६ च्या आरएफसी २०४७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक पुडक्यात पूर्ण अक्षरंच असावीत, एक अक्षर दोन पुडक्यांत विभागू नये. युनिकोडने इमोजींना सरसकट जागा दिली ती ऑक्टोबर २०१० मध्ये, सहाव्या आवृत्तीत. म्हणजे नियम चौदा वर्षं आधीपासून हजर होता.

मग चूक टिकली कशी? याचं उत्तर औदार्यात आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये टीसीपीच्या नियमपत्रात एक तत्त्व घातलं होतं: स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं स्वीकारताना उदार राहा. काही ईमेल प्रोग्राम तसे उदार आहेत. ते शेजारच्या पुडक्यांचे बाइट आधी सांधतात आणि मग वाचतात, त्यामुळे फुटलेलं चिन्हही सांधलं जातं. पाठवणारा अशाच प्रोग्रामात तपासतो, सगळं ठीक दिसतं, आणि दोष काटेकोर वाचणाऱ्याच्या माथी जातो. वास्तविक नियम त्यानेच पाळलेला असतो. त्याने त्या मेलला उत्तर दिलं, की विषयात � हेच खरं अक्षर म्हणून गुंडाळलं जाऊ शकतं. तसं झालं की मूळ चिन्ह उत्तरातून कायमचं गेलं. मग उदार प्रोग्रामही ते परत आणू शकत नाही.

दोष ओळखायचा तर मेलचं मूळ रूप उघडावं. जीमेलमध्ये त्यासाठी `Show original` आहे. Subject च्या खाली दोन-तीन पुडकी असतील आणि चिन्ह नेमकं सांध्यावर फुटत असेल, तर कात्री पाठवणाऱ्याची. पुडकं सुटं उलगडून 🎉 नीट निघालं आणि पडद्यावर मात्र रिकामा चौकोन दिसला, तर टपालाचा काही दोष नाही. वाचणाऱ्याच्या फॉन्टमध्ये ते चित्रच नाही. आणि उपाय एवढाच: बाइट मोजून कापू नये. पुढचं अक्षर पूर्ण मावतं का ते पाहावं, मावत नसेल तर पुडकं ४२ बाइटांवरच बंद करावं.

२०१२ मध्ये आरएफसी ६५३२ ने शीर्षभागात उघडं यूटीएफ-८ लिहायची मुभा दिली. पण पुढचा सर्व्हर ते स्वीकारतो असं आधी सांगेल तरच तसा मेल पुढे सरकवता येतो. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा होकार लागत असल्याने १९९२ चा वेष अजून उतरलेला नाही.