डॉलर छापले तिकडे, मग रुपया का घसरला?

रुपया घसरला की आपल्याकडे लगेच सरकारांची तुलना सुरू होते आणि त्यात २०१३चा ऑगस्ट हमखास निघतो. त्या मेमध्ये डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो जवळपास ६९ला जाऊन भिडला. गंमत म्हणजे याच काळात अमेरिका दर महिन्याला ८५ अब्ज नवे डॉलर बाजारात ओतत होती. ज्याचा पुरवठा वाढतो ते स्वस्त व्हायला हवं ना? मग डॉलर महाग कसा झाला? मला हा प्रश्न राजकीय भांडणापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी हे 'डॉलर छापणं' म्हणजे काय ते बघू. २००८च्या मंदीत अमेरिकेने व्याजदर शून्याजवळ आणले, तरी अर्थव्यवस्था हलेना. मग त्यांच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, सरकारी आणि गृहकर्जांवरचे रोखे विकत घ्यायला सुरुवात केली. यालाच क्वांटिटेटिव्ह ईझिंग म्हणतात. यात नोटांची थप्पी कुठे जात नाही. फेड रोखे घेतं आणि बँकांच्या फेडमधल्या खात्यात तेवढी रक्कम जमा करतं. यातली बरीच रक्कम त्या खात्यांतच पडून राहिली, म्हणूनच तिकडे महागाई भडकली नाही.

खरा परिणाम झाला तो व्याजावर. एवढा मोठा गिऱ्हाईक आल्यावर रोख्यांच्या किमती चढल्या आणि किंमत चढली की परतावा उतरतो. मे २०१३च्या सुरुवातीला अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर जेमतेम १.७ टक्के मिळत होते. पेन्शन फंड, विमा कंपन्या यांना एवढ्यात कसं भागणार? ते जास्त परताव्याच्या शोधात ब्राझील, तुर्कस्तान, इंडोनेशिया आणि भारतात आले. डॉलर विकून रुपये घेणारे वाढले, त्यामुळे रुपयाला टेकू मिळाला.

आता एक साधा हिशोब करू. एकाने १०० डॉलर आणले, ५५च्या भावाने ५,५०० रुपये झाले. ८ टक्क्यांनी वर्षाखेरीस ५,९४० रुपये. डॉलर ५५लाच राहिला तर त्याच्या हाती १०८ डॉलर, मजा आहे. पण डॉलर ५८.४० झाला की हातात १०१.७० डॉलरच येतात, म्हणजे घरी बसून मिळाले असते तेवढेच. आणि ६८ला गेला तर फक्त ८७. त्याची सगळी कमाई रुपया स्थिर राहण्यावर टांगलेली होती. म्हणून रुपया हलायला लागला की प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी बाहेर पडायचं असतं आणि त्या घाईनेच रुपया आणखी पडतो.

२२ मे २०१३ला फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की अमेरिकी संसदेच्या समितीपुढे एवढंच बोलले, की पुढच्या काही बैठकांत ही खरेदी कमी करण्याचा विचार होऊ शकतो. खरेदी एका डॉलरनेही कमी झाली नव्हती, पण तिकडचा परतावा चढू लागला, सप्टेंबरपर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास गेला. पैसा परत फिरला. चलनाचा भाव आज किती डॉलर छापले यावर ठरत नाही, उद्या किती येतील या अंदाजावर ठरतो.

पण मग आपणच एवढे का आपटलो? कारण २०१२-१३मध्ये आपली चालू खात्यातली तूट जीडीपीच्या ४.८ टक्के होती. तेल आणि सोनं आयात करायला जे डॉलर कमी पडत होते, ते आपण याच पाहुण्यांच्या पैशातून भागवत होतो. पाहुणे निघाले आणि खड्डा उघडा पडला.

सरकारने सोन्यावरचं आयातशुल्क १० टक्क्यांवर नेलं. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, अनिवासी भारतीयांच्या किमान तीन वर्षांच्या डॉलर ठेवी आणा, ते डॉलर आम्हाला द्या, मुदत संपल्यावर वर्षाला साडेतीन टक्के खर्चात परत देऊ. रुपया घसरण्याची जोखीम रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या डोक्यावर घेतली. या ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले.

१८ डिसेंबरला फेडने खरेदी खरोखर कमी करायची घोषणा केली, ८५वरून ७५ अब्ज. ज्या गोष्टीच्या नुसत्या चाहुलीने मेमध्ये हाहाकार झाला, ती प्रत्यक्ष घडली तेव्हा रुपया ६२च्या आसपास शांत राहिला. त्या आर्थिक वर्षाची तूट १.७ टक्क्यांवर आली होती. तेव्हा रुपयाबद्दल वाद घालायचाच असेल, तर आधी तूट किती आणि ती कुणाच्या पैशातून भागतेय, एवढं बघून घ्या.