दोन इंचांची कड : पांडुरंग सुखात्मे आणि नमुन्याच्या आकाराचा प्रश्न

एखाद्या जिल्ह्यात एकरी गहू किती पिकला, हे ठरवण्याची जुनी रीत आणेवारीची होती. सर्वसाधारण वर्षाचे उत्पन्न आधीच ठरलेले असे. यंदाचे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे, हे गावकामगार नजरेने सांगे आणि त्यावरून आकडा निघे. १९२० च्या दशकात जे. ए. हबॅक यांनी बिहार-ओरिसात यादृच्छिक जागी भाताची कापणी करून उत्पन्न मोजले आणि नजरेच्या जागी नमुना आला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे याच प्रश्नाकडे वळले. फर्ग्युसन महाविद्यालय आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथे शिकून ते १९४० मध्ये कृषी संशोधन परिषदेत आले.

किती ठिकाणी कापणी करावी, याचे उत्तर एका जुन्या प्रमेयात आहे. शेताशेतांतील उत्पन्न फार विषम असते. काही शेते भरघोस, बहुतेक बेताची, तर काही जवळजवळ उजाड. मात्र यादृच्छिक निवडलेल्या n शेतांची सरासरी काढली, आणि तसे नमुने पुन्हा पुन्हा घेतल्याची कल्पना केली, तर त्या सरासऱ्या खऱ्या सरासरीभोवती घंटेच्या आकारात गोळा होतात. मूळ विषमता n वाढेल तशी पुसट होत जाते. हेच मध्यवर्ती सीमा प्रमेय. त्या घंटेची रुंदी शेतांमधील विचलनाला √n ने भागून मिळते. विचलन सरासरीच्या C टक्के असेल आणि शंभरांतील ९५ वेळा चूक E टक्क्यांच्या आत हवी असेल, तर

n = (1.96 × C / E)²

C = ५० आणि E = ५ धरल्यास n = ३८५. चूक निम्मी करायची तर कापण्या चौपट, म्हणजे सुमारे १,५३७. खर्चाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी लहान तुकड्यांचा मार्ग धरला. दोन-चार फूट त्रिज्येची वर्तुळे झटपट कापता येतात, म्हणून त्याच पैशात ती पुष्कळ घेता येतात. लहान तुकड्यांतील विचलन अधिक असते खरे, पण त्याची भरपाई संख्येने होते. सूत्रापुरते पाहिले तर हा युक्तिवाद निर्दोष आहे.

सुखात्मे यांनी मात्र वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून त्यांची तुलना पूर्ण शेताच्या उत्पन्नाशी केली. १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी मांडले की तुकडा जितका लहान, तितके उत्पन्न फुगलेले दिसते. कारण साधे आहे. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. समजा, कडेला सर्वत्र दोन इंच जास्त कापले गेले. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र त्यामुळे १७ टक्क्यांनी वाढते. ३३ × १६.५ फुटांच्या, म्हणजे एक-ऐंशीअंश एकराच्या तुकड्यात हीच कड केवळ ३ टक्के भरते.

ही १७ टक्क्यांची चूक √n ला दाद देत नाही. ३८५ वर्तुळे घेतली तर घंटेची ५ टक्क्यांची मर्यादा १७ टक्के चुकलेल्या आकड्याभोवती पडते. दहा हजार घेतली तर ती १ टक्क्यावर येते, पण केंद्र जागचे हलत नाही. नमुना वाढवावा तसा चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढतो, आणि एकाच आकाराच्या तुकड्यांच्या आकडेवारीत त्याचा मागमूसही दिसत नाही. तो दिसतो फक्त दोन आकारांची उत्तरे शेजारी ठेवली तर, किंवा सगळे शेत कापले तर. काटेकोर देखरेखीखाली प्रशिक्षित माणसांनी कापलेली लहान वर्तुळे विश्वसनीय ठरू शकतात, या महालनोबीसांच्या बाजूतही तथ्य होते. सुखात्मे यांची पद्धत मात्र महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांच्या हाती जायची होती. त्या हातांचा विचार करता मोठ्या तुकड्याचा आग्रह अधिक शहाणपणाचा वाटतो.

तोच पीककापणी प्रयोग आज पीकविम्याचा आधार आहे. कर्नाटकाप्रमाणे जेथे ग्रामपंचायत हा विमा-घटक असतो, तेथे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमुख पिकासाठी किमान चार प्रयोग होतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली किती गेली, यावर सगळ्या पंचायतीची भरपाई ठरते. पंचायतीतील विचलन ३० टक्के धरू. चारांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १५ टक्के, म्हणजे मर्यादा सुमारे ३० टक्के. त्यातही विचलन त्याच चार आकड्यांवरून काढायचे असेल, तर 1.96 च्या जागी 3.18 येतो आणि मर्यादा ४८ टक्क्यांवर जाते. शिवाय दुष्काळी वर्षात निम्मी शेते शून्यावर असताना चारांची सरासरी घंटेचा आकार धरेल, याची हमी प्रमेय देत नाही. अशा पंचायतीत २० टक्क्यांची खरी तूट आली, तर ती चार प्रयोगांत दिसेल की नाही, हे बरेचसे कोणती चार शेते चिठ्ठीत निघाली यावर अवलंबून राहते.