एक बरोबर, दोन बरोबर: २००३ सालच्या दोन ओळी

बोललेल्या भागाचा हा लेखी अवतार, त्यामुळे भाषा थोडी बोलीच राहणार.

धुळ्याच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, `if` मध्ये `==` च्या जागी `=` पडलं तर एरर का येत नाही? चुकीचंच आहे ना ते?" गंमत अशी की सी भाषेच्या नियमांनुसार ते चुकीचं नाहीच. आपल्याकडे केळीचा ट्रक वजनकाट्यावर चढायच्या आधी काटा शून्यावर आहे का, हे बघतात. काटा शून्यावर आहे का हे बघणं वेगळं, आणि बटण दाबून तो शून्यावर आणणं वेगळं. `==` म्हणजे बघणं, `=` म्हणजे बटण दाबणं. सी मध्ये बटण दाबल्यावरही एक उत्तर मिळतं: जी किंमत ठेवली तीच. `if` ला तेवढं पुरतं. शून्य आलं तर खोटं, बाकी काहीही आलं तर खरं.

हे असं का ठेवलं? सी च्या आधीच्या बीसीपीएल भाषेत किंमत ठेवायला `:=` होतं आणि तुलनेला साधं `=`. १९६९ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसनने त्यावरून बी भाषा बनवली आणि ते बदललं. प्रोग्राममध्ये किंमत ठेवायचं काम तुलनेपेक्षा जास्त वेळा येतं, मग त्याचं चिन्ह छोटं असावं, असा तो हिशोब. बी मधून ते सी मध्ये आलं. टायपिंग वाचलं खरं, पण पुढे त्याची किंमत कुठवर जाऊ शकते ते बघा.

नोव्हेंबर २००३. लिनक्स कर्नलचा मुख्य कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या सिस्टीममध्ये असायचा. ज्यांना बिटकीपर वापरायचं नव्हतं त्यांच्यासाठी त्याची एक नक्कल सीव्हीएसमध्ये ठेवलेली होती. कोणीतरी त्या नकलेच्या सर्व्हरमध्ये घुसलं आणि `wait4` या सिस्टीम कॉलच्या कोडमध्ये दोन ओळी टाकून गेलं:

```c
if ((options == (__WCLONE|__WALL)) && (current->uid = 0))
        retval = -EINVAL;
```

घाईत वाचलं तर वाटतं, कोणी चुकीचे पर्याय दिले आणि तो रूट असेल तर एरर परत करा. अगदी साधी तपासणी. आता दुसऱ्या कंसात नीट बघा. तिथे एकच `=` आहे. `current` म्हणजे आत्ता चालू असलेला प्रोग्राम, `uid` म्हणजे तो कोणाच्या नावावर चालतोय, आणि ० नंबर रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा. थोडक्यात, हे दोन पर्याय एकत्र देणाऱ्या प्रोग्रामला कर्नल स्वतःच मालक करून टाकणार!

आणि खरी चलाखी पुढे आहे. ठेवलेली किंमत ०, म्हणजे अट खोटी, म्हणजे `-EINVAL` ची ओळ कधीच चालणार नाही. एरर नाही, आवाज नाही. हे दोन पर्याय सहसा कोणी एकत्र देत नाही, म्हणून इतरांना काही जाणवणारही नाही.

मग कम्पायलर काय करत होता? जीसीसी मध्ये `-Wall` लावलं तर `if (x = 0)` वर वॉर्निंग येते. पण जादा कंस दिला की तो समजतो, माणसाने हे मुद्दाम लिहिलंय, आणि गप्प बसतो. इथे `&&` मुळे कंस लागतोच, नाहीतर कोड कम्पाईलच होत नाही. म्हणजे कंस असूनही शंका यायचं कारण नाही.

चोरी पकडली गेली ती `=` वरून नाही. बिटकीपरचे लॅरी मॅकव्हॉय यांच्याकडे नक्कल मूळ कोडशी ताडून बघण्याची व्यवस्था होती. नकलेत एक बदल असा निघाला की मुळात त्याची नोंदच नाही. ५ नोव्हेंबरला ही गोष्ट कर्नलच्या मेलिंग लिस्टवर आली, आणि लोकांनी त्या दोन ओळी वाचल्यावर खरा डाव कळला. मूळ कोडमध्ये त्या ओळी कधी गेल्याच नाहीत. माझ्या मते तो `=` नुसता डोळ्यांनी वाचून सापडणं अवघडच होतं.

आता जावास्क्रिप्ट. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये ती बनवली, रूप जावासारखं. पण जावाच्या `if` ला बूलियनच लागतं, म्हणून तिथे `if (x = 5)` कम्पाईल होत नाही. जावास्क्रिप्टने ती अट घेतली नाही:

```js
let role = "guest";
if (role = "admin") {
  showPanel();
}
```

इथे उलटा प्रकार. रिकामी नसलेली स्ट्रिंग नेहमी खरी धरली जाते, म्हणून पॅनेल सगळ्यांनाच दिसतं, वर `role` सुद्धा बदलून बसतो. `===` वापरायची सवय असेल तर बोट चुकलं तरी बहुतेक वेळा `==` वर थांबतं. `role` ला `const` केलं तर ती ओळ चालताना एरर येते. काही जण `"admin" === role` असं उलटं लिहितात. त्यात एकच `=` पडलं तर लगेच एरर, पण दोन्हीकडे व्हेरिएबल असतील तर त्याचा उपयोग नाही.

ईएसलिंटमध्ये यासाठी `no-cond-assign` नावाचा नियम आहे. तो आपोआप जसा लागतो तसा जादा कंसातलं `=` सोडून देतो, म्हणजे २००३ चीच फट. सेटिंग `"always"` केलं की कंसातलंही पकडतो.

आणि त्या दोन ओळी कोणी टाकल्या? नाव आजवर जाहीर झालेलं नाही.